अठरा तारखेवर थांबलेला फोन

आईला सकाळचं इन्सुलिन दिलं की अर्ध्या तासात तिच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. आईबाबांच्या देवळाली कॅम्पच्या घरातला हा पहिला नियम. फ्रिजच्या दारावर मी तो मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला आहे. त्याखाली साखर घसरली तर काय करायचं ते क्रमाने लिहिलं आहे, आणि सर्वांत खाली डॉक्टरांचा आणि रिक्षावाल्याचा नंबर. मी अंबडला एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कुठली वस्तू कुठे आहे आणि कशानंतर काय करायचं, हे लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरचे याला माझं वेड म्हणतात, आणि अडलं की पहिला फोन मलाच करतात.

दुसरा नियम मी कुठेही लिहिलेला नाही, कारण तो आईने केला. जेवताना समोर बाई पाहिजे.

बाई म्हणजे फोनवरच्या व्हिडिओतली एक स्वयंपाकीण. चुलीपुढे बसून पिठलं, भाकरी, शेंगोळी, वांग्याचं भरीत असलं काहीबाही करते. प्रत्येक भागाच्या शेवटी ती स्वतः ताट घेऊन जेवायला बसते आणि पाहणाऱ्यांना म्हणते, "या, जेवायला." आईला विसरण्याचा आजार जडून तीन वर्षं झाली. मधल्या काळात तिची भूक कुठे हरवली कोण जाणे, पण बाईने घास घेतला की आईही घास घेते. बाई थांबली की थांबते. "मीठ जास्त टाकलं हिने, पण हात चांगला आहे," असं वर सांगते. आईला सांभाळायला पेठच्या बाजूची एक ताई दिवसभर असते, तिनेच हा शोध लावला. त्याआधी एकेका घासासाठी तासभर विनवण्या चालायच्या.

तर औषध वेळेवर, आणि औषधानंतर बाई वेळेवर. जूनपर्यंत हे सुरळीत चाललं होतं.

जूनमध्ये माझा धाकटा भाऊ येणार होता. तो आखाती देशात एका तेल प्रकल्पावर आहे. वीस तारखेला पोचतो, असं त्याने आईला फोनवर सांगितलं. आई सकाळचा चहा दुपारी विसरते, पण ही वीस तारीख तिच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. रोज उठल्यावर फोन हातात घ्यायची, त्यावरची मोठी अक्षरं वाचायची आणि हिशेब सांगायची. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नाही आणि भावाची रजा रद्द झाली. वीस तारीख उजाडली तेव्हा आई नवी साडी नेसून दारातल्या खुर्चीत बसली आणि उठली नाही. बाई लावली, तरी पाहीना. "तो आल्यावर जेवते." इन्सुलिन दिलेलं होतं. दुपारी तिला घाम फुटला, बोलणं बरळल्यासारखं झालं आणि शेवटी तिला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. बाबा त्या दोन दिवसांत एकदम म्हातारे दिसायला लागले.

घरी आणल्यावर मात्र आई शांत झाली. मी रविवारी गेले की म्हणायची, "परवा येतोय धाकटा." मला वाटलं, आजाराचंच चाललंय. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वाद घालू नका. मी घातला नाही. भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं नाही तेव्हा बाबा म्हणाले, भिंतीला ओल आलीय, काढून ठेवलंय. ओल खरोखरच आली होती. विषय तिथेच संपला.

ऑगस्टच्या सुरुवातीला ताई आवणीसाठी गावी गेली. भातलावणी असली की तिला कोणीही अडवू शकत नाही, आणि अडवूही नये. मी कारखान्यातून चार दिवसांची रजा टाकली. जाताना ताई मला बसस्टँडवरून फोनवर सांगत होती, "ताई, ते बाईचं लय अडकतंय आता. फिरतं नुसतं गोल गोल. मंग बंद करून चालू केलं का लागतं, कधी नाय लागत."

"नेटचं असेल. मी बघते."

"नेट हाय हो. गाणी लागत्यात. बाईच नाय लागत."

हे वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. माझ्या डोक्यात त्याच वेळी उपाय तयार झाला होता: बाईचे दहा-बारा भाग फोनवर डाउनलोड करून ठेवायचे, म्हणजे नेट गेलं तरी चिंता नको. रविवारी संध्याकाळी मी फोन घेऊन बसले. भागापुढच्या बाणावर बोट ठेवलं की 'प्रतीक्षेत' असं यायचं आणि तिथेच राहायचं. वाय-फाय चांगलं, फोनमध्ये जागा भरपूर. तासाभराने पाहिलं तरी 'प्रतीक्षेत'. मी कंटाळून ते सोमवारच्या कामांत ढकललं. त्या संध्याकाळी बाई मात्र एकदा अडखळून लागली होती, आई जेवली होती, त्यामुळे घाई वाटली नाही.

दोन दिवस बाई अशीच अडखळत लागत गेली. मग सात तारखेची सकाळ.

बाबांनी नेहमीप्रमाणे आईचं बोट टोचून साखर पाहिली. एकशे अडतीस. उत्तम. त्यांनी इन्सुलिन दिलं. मी तांदळाची धिरडी टाकली, दही घेतलं, आईला टेबलापाशी बसवलं आणि फोन तिच्यासमोर स्टँडवर ठेवला. बाईच्या चित्रावर बोट ठेवलं. काळा पडदा, मध्ये फिरणारं चक्र. मग पांढऱ्या अक्षरांत: 'प्लेबॅकमध्ये त्रुटी. पुन्हा प्रयत्न करा.'

पुन्हा प्रयत्न केला. तेच. दुसरा भाग, तिसरा भाग. तेच.

"बाई कुठंय?" आईने विचारलं.

"येते हं आई. तोवर एक घास घे."

"ती बसली नाही अजून जेवायला."

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. एका जुन्या पाकिटाच्या मागे आकडे टाकले. एक, नेट. माझ्या फोनवर तोच वाय-फाय, तीच बाई, लगेच लागली. म्हणजे नेट ठीक. मी माझा फोन आईपुढे धरला.

तिने तो हाताने बाजूला सारला. "हा तुझ्या कामाचा. माझा आण."

"आई, बाई तीच आहे. बघ, शेंगोळी करतेय."

"दुसऱ्याचा फोन घेऊ नये. त्याचा फोन येईल आणि मी इथं तुझा धरून बसले असेन." धाकट्याचा फोन तिच्याच फोनवर येईल, ही तिची आणखी एक खूणगाठ. ती मोडायची कोणाची हिंमत नव्हती.

बाबांनी टीव्हीवर बाई लावली. आई टीव्हीकडे पाहून खुर्चीत मागे सरकली. "अहो, बंद करा. एवढी मोठी कशी झाली ही? आजारी आहे का?"

एरवी आम्ही तिघंही हसलो असतो. बाबांनी टीव्ही बंद केला. घड्याळात औषधाला वीस मिनिटं होऊन गेली होती.

दोन, फोन बंद करून चालू. केला. तीच त्रुटी. तीन, जागा. होती. चार, ॲपचा साठलेला कचरा काढणं. काढला. तीच त्रुटी. पाच, ॲप नवं करून पाहणं. ॲपच्या दुकानात गेले, 'अपडेट' दाबलं, तर 'डाउनलोड प्रलंबित'. रविवारसारखंच. मग मी जे केलं ते सगळे करतात आणि कोणीही करू नये. ॲप काढून टाकलं, की आता पुन्हा कोरं बसवू. काढायला एक सेकंद लागला. बसवायला गेले, तर 'डाउनलोड प्रलंबित'. थांबले. 'डाउनलोड प्रलंबित'. रेषा हलेना, टक्केवारी येईना.

आता फोनवर बाई नव्हतीच. आधी निदान तिचं चित्र दिसत होतं.

"काय झालं?" बाबा.

"काही नाही. बसतंय."

"अगं, ते चित्र कुठं गेलं?"

"बाबा, दोन मिनिटं."

मी धिरड्याचा तुकडा दह्यात बुडवून आईच्या तोंडाशी नेला. तिने ओठ घट्ट मिटले. चमच्याने साखरपाणी पाजायला गेले, तर अर्धं तिच्या हनुवटीवरून ओघळलं आणि अर्धं तिने माझ्या अंगावर थुंकलं. "गोड नको. मला साखर आहे, कळत नाही का तुला?" तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले होते. बाबांनी पुन्हा बोट टोचलं. यंत्राने ब्याऐंशी दाखवलं. अजून धोका नव्हता, पण आकडा खाली चालला होता, आणि इन्सुलिनचा जोर अजून वाढणार होता.

फ्रिजवरच्या कागदावर माझ्याच अक्षरांत पुढची पायरी होती: सत्तरच्या खाली गेल्यास साखर. गिळत नसल्यास जबरदस्ती नको, थेट दवाखाना. जूनचा दवाखाना डोळ्यांसमोर आला. आई तिथल्या खाटेवर हाताची सुई उपटून रात्रभर धाकट्याला हाका मारत होती.

"रिक्षाला फोन करून ठेवू का?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"ठेवा करून. गेटवर थांबू दे."

ते फोन लावत असताना मला सुचलं की ॲप नसलं तरी बाईचे व्हिडिओ ब्राउझरमध्येही असतात. आईच्या फोनवर ब्राउझर उघडला, बाईचं नाव टाकलं. पान उघडलंच नाही. पण या वेळी 'त्रुटी' असं मोघम उत्तर आलं नाही. पडद्यावर घड्याळाचं चित्र आलं आणि सरळ शब्दांत लिहिलेलं आलं: 'तुमचे घड्याळ मागे आहे.'

मी वर कोपऱ्यातली वेळ पाहिली. नऊ बारा. भिंतीवरच्या घड्याळात नऊ बारा. घड्याळ मुळीच मागे नव्हतं. मी चिडून पान बंद करणार, तेवढ्यात खालची ओळ दिसली. तुमच्या उपकरणाची तारीख आणि वेळ चुकीची आहे, असं म्हणून त्यांनी तारीख दिली होती. अठरा जून.

ऑगस्टची सात तारीख होती.

वेळ बरोबर होती म्हणून तारखेकडे कोणी पाहिलंच नव्हतं. मीही नाही. रविवारी मी हाच फोन तासभर हाताळला होता. पण आपण फोनवर वेळ बघतो. तारीख आपल्याला ठाऊक असते.

"बाबा, या फोनची तारीख चुकलीय. अठरा जून दाखवतोय. कशी काय?"

बाबा रिक्षावाल्याशी बोलत होते. त्यांनी फोन खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं.

"तुम्ही केलीत?"

"रोज रात्री करतो," ते म्हणाले. "ती झोपली की सतरा करून ठेवतो, बारा वाजून गेले की अठरा होते. सकाळी ती बघते, परवा येतोय म्हणते, आणि जेवते. दवाखान्यातून आल्यापासून एक दिवस उपाशी राहिली नाही ती."

"मला सांगायचं नाही?"

"तू म्हणाली असतीस, हे बरोबर नाही."

म्हणाले असते, हे खरं. पण आई आता टेबलाच्या कडेवर बोटं आपटत होती आणि तिची बोटं थरथरत होती.

कारण काय ते मी नंतर आमच्या कारखान्यातल्या संगणक विभागाकडून समजून घेतलं. ते इथेच सांगते. नेटवर आपण जिथून व्हिडिओ घेतो, त्या प्रत्येक ठिकाणाकडे एक ओळखपत्र असतं. त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध, असं लिहिलेलं असतं. आपला फोन आधी ते ओळखपत्र स्वतःच्या तारखेशी ताडून पाहतो आणि पटलं तरच दार उघडतो. ही ओळखपत्रं काही आठवड्यांनी, महिन्यांनी बदलत राहतात. जूनच्या शेवटी बाबांनी तारीख चार-आठ दिवस मागे नेली, तेव्हा जुनी ओळखपत्रं चालू होती, सगळं लागत होतं. जुलै गेला, नवी ओळखपत्रं आली. त्यांच्यावर जुलैपासून वैध, असं होतं, आणि आईच्या फोनमध्ये अजून जूनच चाललेला. फोनच्या लेखी ते पत्र पुढच्या महिन्याचं, म्हणजे खोटं. मग तो दार उघडेना. सगळ्यांची ओळखपत्रं एकाच दिवशी बदलत नाहीत, एकाच व्हिडिओमागेही अशी अनेक ठिकाणं असतात. म्हणून गाणी लागत होती आणि बाई अडखळत होती, डाउनलोड प्रतीक्षेत होते, आणि सात तारखेला उरलंसुरलं दारही बंद झालं. फोन बिघडला नव्हता. तो त्याला सांगितलेल्या तारखेशी प्रामाणिक राहिला होता.

त्या क्षणी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एवढंच दिसत होतं की पडदा तारीख दुरुस्त करा म्हणतोय. मी सेटिंगमध्ये गेले. 'तारीख आणि वेळ आपोआप' हे बटण बंद होतं. बोट त्यावर नेलं आणि बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब. तारीख दिसेल तिला."

"बाबा, बाई लागणार नाही त्याशिवाय."

"वीस होऊन गेलेली दिसली तर ती बाईसमोरही जेवणार नाही. पाहिलंयस ना तू? विसरलीस जून?"

"काही विसरले नाही."

"मग?"

"मग दुसरं काय करू, सांगा. औषध आत गेलंय. ते तर मागे नेता येत नाही ना?"

आम्ही कुजबुजत भांडत होतो, आणि आमच्यामध्ये आई बसली होती. ती बाबांना म्हणाली, "अहो, तिला ओरडू नका. ताटं वाढू द्या." कपाळावरून घामाची एक धार भुवईत उतरली.

बाबांनी हात सोडला.

मी बटण दाबलं. वरच्या ओळीतली तारीख डोळ्यांदेखत बदलली. अठरा जूनचं सात ऑगस्ट झालं. एवढासा बदल. ॲपच्या दुकानात परत गेले. 'डाउनलोड प्रलंबित' पुसलं गेलं आणि रेषा सरकायला लागली. दोन टक्के. सात. पंधरा. इतकी नीट हलणारी रेषा मी आयुष्यात पाहिली नसेल, आणि इतकी हळूही. बाबा आईचा तळवा चोळत होते. मी एका हाताने फोन धरला होता, दुसऱ्या हातात साखरेची वाटी.

"डोकं गरगरतंय," आई म्हणाली.

"बाई आलीच. चुलीपाशी आहे," बाबा म्हणाले.

"धिरडी करतेय का?"

"धिरडीच."

बहात्तर टक्के. नव्वद. ॲप बसलं. उघडलं. खातं फोनमध्येच असल्याने पुन्हा काही विचारलं नाही. मी बाईचा पहिला दिसेल तो भाग लावला आणि स्वयंपाक ओलांडून सरळ शेवटाकडे बोट ओढलं. चक्र एकदा फिरलं. मग चूल, धूर, आणि मांडीवर ताट घेऊन बसलेली बाई.

"या, जेवायला," बाई म्हणाली.

आईने तोंड उघडलं.

पहिला घास मी मुद्दाम दही-साखरेचा दिला. तिने तो गिळला आणि म्हणाली, "गोड केलंय हिने." पण गिळला. दुसरा, तिसरा. भाग संपला की मी तोच शेवट पुन्हा लावत होते. बाई चार वेळा जेवली. आईने दोन धिरडी खाल्ली, वाटीभर दही खाल्लं. बाबांनी पुन्हा बोट टोचलं तेव्हा एकशे तीन आले. ते यंत्र हातात घेऊन बाबा तसेच बसून राहिले. मी रिक्षावाल्याला फोन करून जा म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं ताई. चहाचं काय?" मी म्हटलं, वर ये.

तोवर फोनचा पडदा विझला होता. आईने सवयीने बाजूची कळ दाबली. पडद्यावर मोठी अक्षरं उजळली. आम्ही दोघंही पुढे झुकलो, आणि दोघांनाही उशीर झाला.

"सात," आईने वाचलं.

बाबांनी डोळे मिटून घेतले.

"सात तारीख." आईने बोटं मोजायला सुरुवात केली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, पुन्हा पहिल्या हातावर आली. "अजून तेरा दिवस आहेत मग वीसला. मला वाटलं परवाच आहे." ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "घर आवरून होईल तेवढ्यात."

महिना तिने वाचलाच नाही. महिना तिच्या वीस तारखेत कधी नव्हताच. बाबांनी दीड महिना रात्री जागून रोखून धरली होती ती वीस तारीख, आणि तशी ती दर महिन्याला येणार होतीच.

बाबा उठले आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडल्याचा आवाज आला, भांडं मात्र एकही वाजलं नाही. मी आईजवळच बसले. थोड्या वेळाने ते चहा टाकून बाहेर आले आणि मला म्हणाले, "तेरा दिवस म्हणजे जास्त नाहीत."

नाहीतच. तेरा दिवसांनी खरी वीस तारीख येणार होती, आणि ती पुढे ढकलायची सोय आता उरली नव्हती. मी गॅलरीत जाऊन भावाला फोन लावला. तो कामावर होता, मागे यंत्रांची घरघर होती.

"ताई, आता? सगळं ठीक ना?"

"आता ठीक आहे. सकाळी नव्हतं. तू वीस तारखेला येतोस."

"कोण म्हणालं?"

"आई."

"ताई, ते जूनचं होतं. मी सांगितलं ना तेव्हा, रिलीव्हर..."

"तिला जून-ऑगस्ट कळत नाही. वीस कळते. बाबा रोज रात्री तिच्या फोनची तारीख मागे नेत होते, तुझी वीस येऊ नये म्हणून. आज तो फोन बंद पडला आणि ती इन्सुलिन घेऊन उपाशी बसली होती. मी काय सांगतेय ते येतंय का ऐकू?"

घरघर मंदावली. तो बहुतेक यंत्रांपासून बाजूला आला होता. मग म्हणाला, "बाबा? रोज?"

"रोज."

"मी साहेबांशी बोलतो."

"बोल. आणि नसेल जमत तर तेही आज सांग. मग मला काहीतरी दुसरं ठरवावं लागेल."

संध्याकाळी त्याचा निरोप आला. रजा मिळाली होती, आठ दिवसांची. पण विमान वीसच्या रात्रीचं होतं. मुंबईहून घरी पोचायला एकवीसची दुपार.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. नको तेवढा पुसत राहिले. मग आई ऐकत नाही ना, हे पाहून त्यांनी विचारलं, "एकच दिवस मागे नेली तर? बाई बंद पडेल का?"

यादी करणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी संगणक विभागातल्या एका मुलीला फोन केला आणि सगळं समजून घेतलं, ओळखपत्रासकट. ती म्हणाली, एका दिवसाने बहुतेक काही होत नाही, पण लगेच परत करा, आणि आधी दुसऱ्या फोनवर करून बघा. मी माझा फोन एक दिवस मागे नेला आणि बाई लावली. लागली. डाउनलोडही सुरू झालं.

"चालेल," मी बाबांना सांगितलं. "पण एकच दिवस. आणि या वेळी मला विचारून."

एकोणीसच्या रात्री आई झोपल्यावर आम्ही दोघं टेबलापाशी बसलो. बाबांनी 'आपोआप'चं बटण बंद केलं आणि एकोणीसची अठरा केली. वीसच्या सकाळी आईने एकोणीस वाचली आणि बाईसोबत उपमा खाल्ला. एकवीसच्या सकाळी तिने वीस वाचली. ती नवी साडी मागू लागली, तेव्हा मी आधी बाई लावली आणि ताट पुढे केलं. "तो दुपारी येतोय, आई. जेवून घे, नाहीतर तुला झोप येईल आणि तो येऊन बसेल." तिने थोडा विचार केला आणि घास घेतला.

दुपारी जिन्यावर बॅगेची चाकं वाजली. बाबा दार उघडायला गेले. मी आईचा फोन उचलला आणि तारीख पुन्हा आपोआपवर टाकली.